पंपाला काय दिसतं, काय दिसत नाही

नमस्कार श्रोतेहो. टाइप १ मधुमेह असलेल्यांपैकी काही जण आता हायब्रिड क्लोज्ड लूप पंप वापरू लागले आहेत. आज त्याबद्दल बोलू.

यात तीन भाग असतात. त्वचेखालचा सेन्सर बहुधा दर पाच मिनिटांनी साखर कळवतो. त्यावरून पुढचा अंदाज बांधणारं गणित बेसल, म्हणजे सतत थेंबथेंब जाणारं इन्सुलिन, वाढवतं, कमी करतं किंवा थांबवतं. तिसरा भाग पंप. रात्री तो फार उपयोगी पडतो: साखर घसरू लागली की तुम्ही झोपेत असतानाच इन्सुलिन थांबतं.

पण तुमचं ताट पंपाला दिसत नाही. समजा, रविवारी सकाळी मिसळ आणि दोन पाव घेतले. पाव, उसळ, फरसाण मिळून अंदाजे ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट. तुमचं प्रमाण दर १० ग्रॅमला १ युनिट असेल, तर ६ युनिट लागतील. पंपात ६० भरून बोलस, म्हणजे जेवणासाठी एकदम द्यायचा डोस, खाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं द्यायचा, कारण हे इन्सुलिन सुरू व्हायलाच तेवढा वेळ घेतं आणि त्याचा जोर साधारण एक ते दीड तासाने येतो. बोलस दिलाच नाही, तर साखर चढल्यावरच पंप जागा होतो आणि तोवर पावाने शर्यत जिंकलेली असते. मग तासाभराने आठवण झाली म्हणून पूर्ण ६ युनिट देऊ नका. मधल्या वेळात पंपाने स्वतःहून जास्त इन्सुलिन सोडलेलं असतं. दोन्ही एकत्र आले की जेवणाच्या सुमारास साखर खाली कोसळते. अशा वेळी किती कमी द्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

दुसरी न दिसणारी गोष्ट जास्त धोक्याची आहे. इन्सुलिन अंगात सोडणारी त्वचेखालची बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, वाकली, तर पडद्यावर इन्सुलिन गेल्याचं दिसतं, पण अंगात काहीच जात नाही. अलार्म वाजेलच असं नाही. पंपात लांब पल्ल्याचं इन्सुलिन नसल्याने काही तासांतच कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं, वाढू लागतात. खूण अशी: साखर २५० च्या वर आणि दुरुस्तीचा डोस देऊन दीड-दोन तास झाले तरी उतरत नाही. आधी बोटाच्या रक्तावर साखर तपासा, मग कीटोन. रक्तातले कीटोन ०.६ किंवा जास्त असतील, तर दुरुस्तीचा डोस पंपाने नव्हे, पेनने किंवा सिरिंजने घ्या. कॅन्युलाचा नवा सेट नव्या जागी बसवा. पेनचा डोस पंपाला ठाऊक नसतो, म्हणून सुमारे चार तास ऑटो मोड बंद ठेवा. नेमका वेळ डॉक्टर सांगतील. कीटोन १.५ च्या पुढे गेले तर डॉक्टरांना लगेच फोन करा. ३ झाले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर थेट रुग्णालय गाठा.

सेट साधारण दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो. तो सकाळी बदला, झोपण्यापूर्वी नको. कॅन्युला नीट बसली नसेल, तर जागेपणीच कळेल. आणि घरात पेन, सुया, कीटोनच्या पट्ट्या कायम ठेवा.