आसनापासून कमरपट्टीपर्यंत

[टेबलावर शेजारी शेजारी तीन जीन्स. आतली लेबलं जवळून.]

तिन्हींवर एकच आकडा आहे, ३०. आता कमरपट्टी सपाट धरून टेप लावू आणि आलेलं माप दुप्पट करू. पहिली भरते ३० इंच, दुसरी ३२, तिसरी ३४. लेबल एकच, पण पट्टीचा घेर वेगळा, कारण या तीन पट्ट्या शरीरावर तीन वेगळ्या उंचीवर बसणार आहेत. पहिली बेंबीच्या आसपास, जिथे कंबर सगळ्यांत बारीक असते. तिसरी बरीच खाली, खुब्याच्या हाडांवर, जिथे घेर वाढलेला असतो. पट्टी कुठे बसणार हे ठरवतो राइज. जुने शिंपी ज्याला आसन म्हणतात, त्याचंच हे माप.

[बोट चार शिवणींच्या चौकावर.]

मोजायला सुरुवात इथून. दोन पायांच्या आतल्या शिवणी आणि पुढची-मागची मधली शिवण जिथे एकत्र येतात, तो हा चौक. बटण लावा, झिप बंद करा, कापड हाताने सपाट करा. चौकापासून झिपच्या बाजूने पट्टीच्या वरच्या कडेपर्यंत टेप न्या. हा पुढचा राइज. तिसरी जीन्स साडेसात इंच, म्हणजे लो. मधली नऊ, म्हणजे मिड. पहिली अकरा, म्हणजे हाय. या सीमा काटेकोर नाहीत. साइज वाढली की राइजही थोडा वाढतो आणि पुरुषांच्या जीन्समध्ये हेच आकडे सरकतात.

[जीन्स उलटी केली जाते.]

आता मागची बाजू, जी बहुतेक जण मोजतच नाहीत. त्याच चौकातून, मधल्या शिवणीच्या वळणावरून पट्टीच्या कडेपर्यंत. अकरा इंचांच्या जीन्सला मागे पंधरा आहेत. हे जास्तीचे चार इंच नितंबांच्या गोलाईसाठी. खिशांच्या वर दिसतो तो तिरका तुकडा योक. पँटला मागे चुण्या घालून जो आकार येतो, तो जीन्समध्ये या योकच्या तिरक्या शिवणीतून येतो. पुढचे अकरा आणि मागचे पंधरा मिळून सव्वीस इंच. हा आकडा लक्षात ठेवा.

[दोघी आरशासमोर. दोरीने माप.]

दोघींची कंबर अगदी सारखी, ३० इंच. दोरी बेंबीपासून पायांमधून मागे कमरेपर्यंत नेली. निळ्या टी-शर्टमधल्या ताईंचं माप सव्वीस. पांढऱ्या शर्टातल्या ताईंचं धड लांब, त्यांचं अठ्ठावीस.

आता दोघी तीच हाय राइज जीन्स घालतात. निळ्या टी-शर्टवर पट्टी नेमकी कमरेवर टेकली. पांढऱ्या शर्टावर कापड दोन इंच कमी पडलं, म्हणून पट्टी पुढून-मागून साधारण एकेक इंच खाली उतरली. तिथे त्यांचा घेर साडेएकतीस आहे आणि पट्टी तीसच. बटणाजवळ ताण बघा. चौकातून दोन्ही मांड्यांकडे पसरणाऱ्या त्या आडव्या रेषा बघा. आसन कमी पडतंय, याची ही खूण. त्यांच्या अंगावर ही जीन्स हाय राइज राहिलीच नाही. अशा वेळी पुढचा नंबर घेतला की कमरेचा ताण जातो आणि सीट व मांड्या ढगळ होतात.

[खुर्ची. लो राइज घातलेल्या ताई बसतात. मागून दृश्य.]

बसल्यावर पुढचं अंतर आखडतं आणि मागचं लांबतं. या जीन्सचा मागचा राइज बारा इंच, म्हणून पट्टी खाली ओढली गेली. आणि ही फट पाहा, यात दोन बोटं सहज जातात. नितंबांपासून कमरेकडे शरीर निमुळतं होत जातं आणि ही पट्टी त्या उतारावर सरळ कापलेली आहे. खालची कड अंगाला टेकते, वरची कड हवेत राहते. पट्टा घट्ट केला तर कापड गोळा होतं, फट मात्र तशीच राहते.

[गोलाई दिलेली पट्टी, खोल योक. पुन्हा तीच खुर्ची.]

इथे पुढचा राइज तोच, साडेसात. मागे मात्र साडेतेरा, आणि पट्टी वक्र कापलेली. बसल्यावर ती जागेवरच राहिली. फरक फक्त मागच्या बाजूचा आहे, आणि लेबलवर त्याचा उल्लेखही नाही. कमरेच्या आकड्याशेजारी पुढचा आणि मागचा, दोन्ही राइज छापलेले असायला हवेत.

शिंपी मागच्या मधल्या शिवणीतून पट्टी आत घेऊन फट भरून देतो. राइज वाढवणं मात्र त्याच्या हातात नसतं, कारण त्यासाठी लागणारं कापड जीन्समध्ये उरलेलंच नसतं.

[पांढऱ्या शर्टातल्या ताई एक वेगळीच जीन्स घेऊन चौकावर टेप ठेवतात. साडेबारा. मागे साडेपंधरा.]