इमारतींचा गट आणि फौजेचा गट

गेल्या वेळी आपण सुरुवातीच्या बांधणीचा क्रम पाहिला. आज ‘स्टारक्राफ्ट २’ या संगणकावरच्या युद्धखेळातल्या टेरन बाजूचे एकच उदाहरण घेऊन कंट्रोल ग्रुपविषयी, म्हणजे निवडलेल्या सैनिकांना किंवा इमारतींना कीबोर्डवरचा एक क्रमांक देऊन ठेवण्याविषयी, बोलतो. नवा खेळाडू बहुधा फक्त सैन्याला क्रमांक देतो आणि इमारती माउसने शोधत बसतो. मग लढाई चालू असताना तळाकडे नजर वळवली, की सैन्य मरते, आणि नाही वळवली, तर सैनिक तयार करणाऱ्या बॅरॅक्स रिकाम्या राहतात. म्हणून माझ्या मते क्रमांकांवर पहिला हक्क इमारतींचा आहे.

समजा, कमांड सेंटर 4 वर आणि तीन बॅरॅक्स 5 वर आहेत. लढाईवरची नजर न हलवता 5 दाबून तीनदा A दाबले, की प्रत्येक बॅरॅक्सला एकेक मरीन, म्हणजे साधा पायदळ सैनिक, तयार करण्याचा हुकूम मिळतो, कारण ज्या इमारतीची रांग सर्वांत लहान असेल तिच्याकडे खेळ पुढचा हुकूम पाठवतो. मात्र तिघींपैकी एकीवर रिअॅक्टर हा जोडभाग बांधला जात असेल, तर तिला मरीन घेता येत नाही. तिसरा मरीन दुसऱ्या एखाद्या बॅरॅक्सच्या रांगेत जाऊन बसतो आणि त्याचे ५० मिनरल आधीच कापले जातात. मिनरल कमी, पण रांगा लांब दिसू लागल्या, तर हेच घडत आहे असे समजावे. अशा वेळी दोनदाच A दाबावे.

चौथी बॅरॅक्स बांधायला घेताच, ती पूर्ण होण्याची वाट न पाहता, तिला निवडून Shift+5 दाबावे. इथे घाईत Ctrl+5 दाबले जाते आणि जुना गट पुसून त्या जागी ही एकटी, अर्धवट इमारत उरते. ही चूक चटकन लक्षात येत नाही. 5 दाबल्यावर खालच्या पट्टीत चारऐवजी एकच चिन्ह दिसले, की ती कळते. म्हणून प्रत्येक भर टाकल्यावर एकदा तो क्रमांक दाबून चिन्हे मोजावीत, असे मी आग्रहाने सांगतो.

सैन्याच्या बाबतीत अडचण वेगळी असते. मुख्य फौज 1 वर आहे आणि त्यातले आठ मरीन मेडिव्हॅक या सैनिक वाहून नेणाऱ्या विमानात भरून शत्रूच्या खाणकामगारांवर पाठवायचे आहेत. त्यांना Ctrl+2 दिले, तर ते 2 मध्ये येतात, पण 1 मधूनही बाहेर पडत नाहीत. शत्रूच्या तळात उतरून ते गोळीबार करत असताना तुम्ही मुख्य फौजेला मागे घेण्यासाठी 1 दाबून उजवी क्लिक केली, की तेही हातातले काम सोडून घरची वाट धरतात. यावर उपाय Alt+2 हा आहे, कारण तो निवडलेल्या सैनिकांना आधीच्या गटातून काढूनच नव्या गटात घालतो. ही कृती मरीन मेडिव्हॅकमध्ये चढण्यापूर्वी, मेडिव्हॅकसह सर्वांना एकत्र निवडून करावी. मग 2 दोनदा दाबले, की कॅमेरा थेट त्या तुकडीवर जातो.