मुळे न शोधता मुळांचे वर्ग

पडद्यावर एक घन बहुपदी दिसत आहे.

x³ + 2x² − 5x − 1

हिची मुळे पूर्णांक नाहीत आणि अपूर्णांकही नाहीत. तरीही जिची मुळे या मुळांचे वर्ग असतील, अशी दुसरी बहुपदी आपल्याला लिहायची आहे, आणि तीही मूळ मुळांना हात न लावता.

बहुपदी शून्याबरोबर मांडून, x चे विषम घात असलेली पदे डावीकडे ठेवू आणि सम घातांची पदे उजवीकडे नेऊ.

x(x² − 5) = −(2x² − 1)

आता डावीकडे कंसाबाहेरचा एकटा x सोडला, तर सगळीकडे x² च आहे. त्या एकट्या x ची अडचण दोन्ही बाजूंचा वर्ग केल्याने सुटते. मग x² च्या जागी y लिहिता येतो.

y(y − 5)² = (2y − 1)²

विस्तार करून पदे एकत्र केली, की हवी ती बहुपदी मिळते.

y³ − 14y² + 29y − 1

वर्ग केल्यामुळे एखादे परके मूळ आत शिरले नसेल ना, ही शंका येथे रास्तच आहे. मूळ बहुपदीला p(x) म्हटले, तर वर्ग करून सर्व पदे एका बाजूला आणणे म्हणजे p(x) ला p(−x) ने गुणून चिन्ह बदलणे होय. r हे p(x) चे मूळ असेल, तर p(−x) चे मूळ −r असते, आणि दोघांचा वर्ग एकच असतो. म्हणून परक्या मुळाला येथे वावच उरत नाही.

पडताळा सोपा आहे. मूळ बहुपदीतील मुळांची बेरीज −२ आहे आणि दोन-दोन मुळांच्या गुणाकारांची बेरीज −५ आहे, म्हणून वर्गांची बेरीज ४ + १०, म्हणजे १४ यायला हवी, आणि y² चा सहगुणक −१४ हेच सांगतो. ही बेरीज ऋण आली असती, तर सहगुणक वास्तव असलेल्या बहुपदीची सगळी मुळे वास्तव नाहीत, हे तेवढ्यावरूनच कळले असते.

चूक बहुतेकदा घाईने होते. x³ − x² − 4x + 4 ही बहुपदी घ्या. हिची मुळे १, २ आणि −२ आहेत. वरील रीतीने

y(y − 4)² = (y − 4)²

असे समीकरण मिळते, आणि दोन्हीकडचा समान अवयव छाटण्याचा मोह होतो. तो छाटला, की फक्त y = 1 उरतो आणि २ व −२ या दोघांचाही वर्ग असलेले ४ हे दुहेरी मूळ नाहीसे होते. म्हणून सर्व पदे एका बाजूला आणावीत.

(y − 1)(y − 4)²

एक गोष्ट मात्र या रीतीत कायमची जाते, ती म्हणजे चिन्ह. y चे मूळ ४ असल्याचे कळले, तरी ते २ चा वर्ग आहे की −२ चा, की दोघांचाही, हे नव्या बहुपदीकडे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी मूळ बहुपदीतच किंमत घालून पाहावी लागते.