स्क्रीनशॉट वरून खाली वाचा

श्रोतेहो, नमस्कार.

मुलाच्या किंवा मुलीच्या फोनमध्ये वर्गाच्या ग्रुपवरच्या गप्पांचा एखादा स्क्रीनशॉट सापडतो आणि आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. यात कुणाचा छळ चाललाय की नुसती मस्करी आहे, हे त्या चार-सहा ओळींवरून ओळखायचं कसं, एवढंच आज बोलणार आहे.

शाळांमधल्या छळाचा अभ्यास १९७०च्या दशकात ज्यांनी पद्धतशीरपणे सुरू केला, ते मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस तीन गोष्टी बघायला सांगत. त्रास देण्याचा हेतू आहे का? तो पुन्हा पुन्हा होतोय का? आणि ज्याला त्रास होतोय, त्याला स्वतःचा बचाव करणं अवघड जातंय का? हेतू, पुन्हा पुन्हा, आणि बचाव अवघड. हे तिन्ही लक्षात ठेवा, कारण स्क्रीनशॉटमध्ये शिव्या शोधायला गेलात तर फसाल.

फसतात कसं, ते सांगते. मी पालकांशी आणि शिक्षकांशी याच विषयावर बोलत असते. एक वडील माझ्याकडे आले ते फोन पुढे धरूनच. लेकीच्या फोनमध्ये त्यांना हा स्क्रीनशॉट सापडला होता. त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर होतं. वर्गातल्या एका मुलीनं लिहिलं होतं, "तुम्ही सगळे नालायक आहात. मेलात तरी चालेल मला." वडील म्हणाले, "मॅडम, ही मुलगी माझ्या पोरीला असलं बोलते. उद्याच मी शाळेत तक्रार करतो."

मी म्हटलं, "दादा, जरा वरपासून वाचूया."

पहिली ओळ रात्री आठ एक्केचाळीसची. त्याच मुलीनं विचारलं होतं, "उद्याचा चार्ट कोणत्या कागदावर काढायचाय?" उत्तर नाही. आठ त्रेचाळीसला एका मुलानं विचारलं, "कार्डशीट की साधा कागद?" प्रश्न तोच. त्याला मिनिटाच्या आत चौघांनी उत्तर दिलं. म्हणजे सगळे जागे होते, फोन हातात होता, उत्तरही माहीत होतं. आठ पन्नासला ती पुन्हा लिहिते, "मला पण सांगा ना कुणीतरी." त्यावर एक स्टिकर आलं. तिचाच फोटो, पण केस पांढरे रंगवलेले. खाली कुणीतरी लिहिलं, "आजीबाई, औषध घेऊन झोपा आता." स्टिकरखाली हसरा चेहरा आणि शेजारी सहाचा आकडा. मग तिचं स्वतःचं उत्तर : "हाहा".

त्या "हाहा"वर वडील थांबले. "बघा, तीसुद्धा हसतेय. म्हणजे मस्करीच होती ना?"

श्रोतेहो, हे "हाहा" नीट ऐका. सगळ्यांसमोर चेष्टा झाल्यावर मूल बऱ्याचदा हसतं, कारण रडलं तर उद्या त्याचीही चेष्टा होणार असते. म्हणून ज्याची खिल्ली उडवली त्याचं हसणं पुरावा धरू नका. आणि इथे मनातलं बोलून घेते : "चेष्टा सहन करायला शीक" हे वाक्य मोठ्यांनी कायमचं सोडून द्यावं. नोकरीच्या ठिकाणी आपली रोज कुणी अशी चेष्टा केली तर आपण सहन करतो का?

पुढे वाचलं. मध्यभागी दोन बारीक करड्या ओळी होत्या. सहसा आपली नजर त्यांच्यावरून घसरते. पहिलीत लिहिलं होतं, की तिला ग्रुपमधून काढलं. दुसरीत, की तिला पुन्हा घेतलं. मग एकाचा मेसेज, "सॉरी, चुकून झालं." ग्रुपमधून काढलेल्याला मधल्या वेळातले मेसेज दिसत नाहीत. बाकी सगळ्यांना दिसतात. त्या दोन ओळींच्या मध्ये दोन मेसेज होते, दोन्ही तिच्याबद्दलच. सगळा वर्ग वाचू शकत होता, तिला मात्र ते कधीच दिसणार नव्हते.

आणि यानंतर आठ अठ्ठावन्नला ती नालायकवाली ओळ. सतरा मिनिटं दाबून धरलेलं फुटलं. कापून पुढे पाठवायचं म्हटलं, तर नेमका हाच तुकडा पाठवला जातो.

मग मी वडिलांना विचारलं, "हे उजव्या बाजूचं कुणाचं?" फोन ज्याचा, त्याचे मेसेज उजवीकडे दिसतात. आजीबाईच्या ओळीखाली उजव्या बाजूला तीन हसरे चेहरे होते. ते त्यांच्या लेकीचे होते. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

घरी गेल्यावर ते लेकीवर ओरडले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी एवढंच विचारलं, "हा फोटो तू का ठेवलास गं?" ती म्हणाली, "बाबा, कुणाला तरी दाखवायचा होता." दोघांनी मिळून मागचे मेसेज वर वर सरकवत पाहिले. त्या मुलीचे प्रश्न आधीही असेच लोंबकळत राहिलेले, तेच स्टिकर पुन्हा पुन्हा आलेलं. आणि एकदा तिनं साध्या शब्दांत लिहिलं होतं, "प्लीज ते स्टिकर टाकू नका." त्याच्या खालीच तेच स्टिकर.

इथे प्रश्न मिटला. मस्करीत पाळी बदलते, आज याची तर उद्या त्याची. आणि समोरचा "बास" म्हणाला की थांबते. इथे पाळी कधी बदलली नाही आणि "बास" म्हटल्यावरही थांबलं नाही. पाळी बदलते का, आणि "बास" म्हटल्यावर थांबते का. एकट्या स्क्रीनशॉटमध्ये हे दिसत नाही, त्यासाठी मुलाला शेजारी बसवून मागचं वाचावं लागतं. खरं-खोटंही तेव्हाच कळतं, कारण स्क्रीनशॉट कापता येतो, बदलताही येतो.

जाता जाता एक. चार्टचा कागद, गृहपाठ, वेळापत्रक या गोष्टी शाळेनं फळ्यावर लिहाव्यात आणि वहीत उतरवून घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. अभ्यासाची माहिती मुलांच्या ग्रुपवरच मिळत असेल, तर छळ होणारं मूल तो ग्रुप सोडणार कसं?

आता असा स्क्रीनशॉट हाती आलाच तर काय करायचं? पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी पन्नास घरांत त्या मुलीचं ते स्टिकर पोचेल. मुलाला ग्रुप सोडायला किंवा मेसेज पुसायला लावण्याआधी मागच्या गप्पांची प्रत काढून ठेवा, तारीख आणि वेळ दिसेल अशी. फोन काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी मूल दाखवणारच नाही. आणि वर्गशिक्षकांना एकटं भेटा. दोन्ही मुलांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावू नका, असंही सांगा. पारडं आधीच एका बाजूला झुकलेलं असतं, दुबळं मूल तिथे "हो, मिटलं" म्हणून मोकळं होतं आणि छळ पुढे चालू राहतो.

स्क्रीनशॉटमध्ये कुणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल लिहिलं असेल, तर मात्र सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री त्या मुलाच्या घरी फोन करा.

त्या वडिलांच्या लेकीनं काय केलं, तेही सांगते. त्या रात्री तिनं त्या मुलीला ग्रुपवर नाही, तर वेगळा मेसेज केला : "चार्ट कार्डशीटवर काढायचा होता. तेव्हा सांगायला हवं होतं. मी हसायला नको होतं." दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकांकडे वडील आणि लेक दोघंही गेले, आणि स्क्रीनशॉट तिनं स्वतः दाखवला, उजव्या बाजूच्या त्या तीन चेहऱ्यांसकट.

नमस्कार.