निळ्या टिकेआधी नावाचं स्पेलिंग

व्हॉट्सॲपवर दुकानाच्या नावापुढे निळी टिक हवी असेल तर दोन दारं आहेत. साधं बिझनेस ॲप वापरणाऱ्याला दरमहा पैसे भरून ‘मेटा व्हेरिफाइड’ घेता येतं. एपीआयवर असलेल्या, म्हणजे ॲपऐवजी सॉफ्टवेअर जोडून व्हॉट्सॲप चालवणाऱ्या धंद्याला ‘ऑफिशियल बिझनेस अकाउंट’साठी अर्ज करता येतो, त्याला फी नाही. मी आज या दुसऱ्या दाराबद्दल बोलणार आहे, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. कागदपत्रं पास झाली म्हणजे टिक मिळाली, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात कागदपत्रांनी एवढंच सिद्ध होतं की तुमचा धंदा खरा आहे. तो लोकांना माहीत आहे का, हा प्रश्न वेगळा आणि त्याचा पुरावाही वेगळा.

आधी कागदपत्रं. समजा सांगलीत मसाल्याचं एक दुकान आहे. पाटीवर आणि पुड्यावर नाव Krushna Masale. जीएसटी प्रमाणपत्रावर Trade Name आहे Krishna Masale, कारण नोंदणी करताना कुणीतरी आपल्या सवयीचं स्पेलिंग टाकलं. Legal Name पुढे मालकिणीचं स्वतःचं नाव, कारण धंदा एकल मालकीचा. पॅन कार्डावर तर दुकानाचा उल्लेखच नाही. आता मेटाच्या बिझनेस मॅनेजरमध्ये Krushna Masale लिहून पॅन जोडलं, तर तपासणाऱ्याला दोन्हींत काहीच सामायिक दिसत नाही. अर्ज परत येतो, आणि मालकीणबाई म्हणतात, ‘अहो, सगळं खरं तर दिलंय!’ खरंच दिलेलं असतं. जुळत मात्र नाही.

एकल मालकीच्या धंद्याला सगळ्यात उपयोगी कागद जीएसटी प्रमाणपत्रच, म्हणजे फॉर्म REG-06. मालकाचं नाव, दुकानाचं नाव आणि पत्ता त्यात एकत्र असतात. पण आधी पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करून Trade Name पाटीप्रमाणे करून घ्या, मंजुरी आल्यावर नवं प्रमाणपत्र उतरवा, आणि मगच मेटाकडे जा. मोबाईलवर काढलेला फोटो नको, पोर्टलवरची मूळ पीडीएफ द्या. जीएसटी नसेल तर उद्यम प्रमाणपत्र चालून जातं. पत्ताही प्रमाणपत्रावर आहे तसाच टाइप करा. तिथे ‘गाळा क्र. 7’ असेल तर तुम्ही ‘शॉप नं. 7’ लिहू नका.

वेबसाइटकडे फार कमी लोक बघतात. तळाशी तेच नाव आणि तोच पत्ता हवा. डोमेन आपलंच आहे हे दाखवायला मेटा एक ओळ देते, ती डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये TXT रेकॉर्ड म्हणून टाकायची:

```
facebook-domain-verification=तुमचा-कोड
```

ती लगेच दिसली नाही तर पुन्हापुन्हा बदलू नका. पसरायला काही तास, कधी दोन-तीन दिवसही लागतात.

एवढं झालं की बिझनेस व्हेरिफिकेशन, म्हणजे धंदा खरा असल्याची तपासणी, पूर्ण होतं. त्यानंतर नंबरावर सहा आकडी पिनचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं आणि डिस्प्ले नेम मंजूर करून घ्यायचं. नुसतं ‘ताजे मसाले’ असं नाव टिकत नाही. ते कुणाचंही असू शकतं, म्हणून दुकानाची ओळख त्यात यायलाच हवी.

आता दुसरा प्रश्न, प्रसिद्धीचा. व्हॉट्सॲप मॅनेजरमध्ये त्या फोन नंबरच्या प्रोफाइलमधून अर्ज करताना बातम्यांच्या लिंक मागतात. इथे संख्येपेक्षा बातमीचा दर्जा बघतात. बातमी तुमच्याबद्दल हवी. ‘हळदीचे भाव वाढले’ या बातमीत तुमची एका वाक्याची प्रतिक्रिया असेल तर तिचा उपयोग नाही. पैसे देऊन छापलेला मजकूर धरत नाहीत. वर ‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते, आणि वीस पोर्टलवर शब्दन्‌शब्द तीच असणारी ‘यशोगाथा’ही. ‘बातम्या लावून टिक मिळवून देतो’ म्हणणारे एजंट बहुधा हाच माल विकतात, त्यांना ओटीपी तर मुळीच देऊ नका.

मराठी दैनिकाची बातमी चालते, इंग्रजीच हवी असं नाही. फक्त ई-पेपरच्या पानाची लिंक देऊ नका, ती बऱ्याचदा लॉगिन मागते. वृत्तपत्राच्या वेबसाइटवरची तीच बातमी शोधा. आणि तिथलं नाव बघा. बातमीत ‘कृष्णा मसाले’ आणि तुमचं डिस्प्ले नेम Krushna Masale असेल, तर ही बातमी तुमचीच हे ओळखायचं काम तुम्ही तपासणाऱ्यावर टाकताय. प्रोफाइलच्या वर्णनात देवनागरी नावही लिहून ठेवा.

नकार आला तर पुन्हा अर्ज करायला 30 दिवस थांबावं लागतं. त्याच लिंक पुन्हा पाठवून उत्तर बदलत नाही. आणि बातम्याच नसतील, तर एपीआयवरच्या नंबरावर निळ्या टिकेचा हट्ट सोडावा. मंजूर झालेलं डिस्प्ले नेम ग्राहकाला नंबराऐवजी दिसतं, छोट्या दुकानाचं बरंचसं काम तेवढ्यावर भागतं.