डोळ्याची बाटली, कानाची बाटली

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरातल्या पुष्कळ घरांत औषधांचा एकच डबा असतो आणि त्यात दहा मिलिलिटरच्या दोन पांढऱ्या बाटल्या शेजारी शेजारी पडलेल्या असतात. अशा एका घरातल्या दोन बाटल्या आज आपण समोर घेऊ. आजोबांचे डोळे धुळीने आणि उन्हाने कोरडे पडतात, म्हणून त्यांना कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोजचे थेंब दिलेले आहेत. सुनेच्या कानात बुरशी झाल्यामुळे तिला क्लोट्रिमाझोल आणि लिग्नोकेन यांचे थेंब मिळाले आहेत. दोन्ही बाटल्या मऊ प्लास्टिकच्या, दोन्हींना निमुळते तोंड आणि दोन्हींची झाकणे पांढरी आहेत.

आकाराने या दोन बाटल्या ओळखता येत नाहीत, हे आधी स्पष्ट सांगतो. डोळ्याची बाटली लहान आणि कानाची मोठी असा समज आहे, पण दोन्ही औषधे पाच आणि दहा मिलिलिटरमध्ये सर्रास मिळतात. तेच सुपरग्लूसारख्या डिंकाच्या छोट्या बाटल्यांचेही आहे. चटकन चिकटणाऱ्या त्या डिंकाचे थेंब डोळ्यात पडल्याची प्रकरणे डॉक्टरांना ठाऊक आहेत.

झाकणाच्या रंगावर तर अजिबात विसंबू नये. डोळ्याच्या औषधांसाठी परदेशात रंगांचा एक संकेत आहे. त्यात बाहुली मोठी करणाऱ्या औषधाला लाल, स्टेरॉइडला गुलाबी आणि काचबिंदूच्या एका गटाला पिवळे झाकण देतात. मात्र तो संकेत डोळ्याच्या औषधांमधला प्रकार सांगतो. औषध डोळ्याचे की कानाचे, हे तो सांगत नाही. शिवाय आपल्याकडे सगळ्या कंपन्या तो पाळत नाहीत, आणि घाईत एका बाटलीचे झाकण दुसरीला बसले तर उरलेली खूणही जाते.

तेव्हा लेबलच वाचावे लागते. डोळ्याच्या बाटलीवर ‘आय ड्रॉप्स’ किंवा ‘ऑफ्थॅल्मिक सोल्यूशन’ असे असते, कानाच्या बाटलीवर ‘इअर ड्रॉप्स’ किंवा ‘ओटिक’. आपल्या शहरात मराठी, तेलुगू किंवा कन्नड वाचणाऱ्या, पण इंग्रजी न वाचणाऱ्या आजी-आजोबांची संख्या मोठी आहे, म्हणून त्यांच्यासाठी एक खूण सांगतो. इंग्रजीत दोन्ही शब्द तीन अक्षरांचे आहेत आणि दोन्हींचे पहिले अक्षर एकच आहे. डोळ्याच्या शब्दात तेच अक्षर शेवटीही येते. कानाच्या शब्दात शेवटचे अक्षर वेगळे असते. म्हणजे दोन्ही टोकांची अक्षरे जुळली, तर तो डोळ्याचा शब्द. काही लेबलांवर डोळ्याचे किंवा कानाचे चित्रही असते, पण ते सापडेलच असे नाही.

दुसरी खूण बारीक अक्षरांत असते. डोळ्याच्या थेंबांवर ‘स्टराइल’ म्हणजे निर्जंतुक हा शब्द, बाटली उघडल्यानंतर एका महिन्याच्या आत वापरावी ही सूचना आणि टोक कुठेही टेकवू नये ही ताकीद पाहावी. हा मजकूर खोक्यावर अधिक स्पष्ट असतो, म्हणून खोके फेकू नये. ‘आय/इअर ड्रॉप्स’ असे दोन्ही शब्द असलेल्या बाटल्याही मिळतात, उदाहरणार्थ सिप्रोफ्लॉक्सासिनच्या. त्या मात्र एकाच वेळी डोळ्यात आणि कानात वापरू नयेत, कारण कानातली घाण टोकाला लागून डोळ्यात जाऊ शकते.

डॉक्टर कधी कधी डोळ्याचे थेंब कानात टाकायला सांगतात; उलटे कधीच चालत नाही. कानाच्या औषधाला निर्जंतुक असण्याची आणि अश्रूंशी मिळतेजुळते असण्याची सक्ती नसते. त्यात अनेकदा प्रोपिलीन ग्लायकॉलसारखा द्रव असतो आणि तो डोळ्याला झोंबतो. आपल्या उदाहरणातल्या बाटलीत लिग्नोकेन आहे, ते बधिरता आणते. आजोबांनी अंधारात तिचे थेंब डोळ्यात टाकले, तर आधी आग होईल आणि काही वेळाने ती कमी वाटेल, पण आग थांबली म्हणजे इजा झाली नाही असे होत नाही. बधिर डोळा चोळला, तर बुबुळावर ओरखडे पडूनही कळत नाही.

असे घडलेच, तर डोळा न चोळता लगेच नळाच्या किंवा तांब्यातल्या स्वच्छ पाण्याने धुवावा. पापणी बोटांनी उघडी धरावी, डोके त्याच बाजूला कलते ठेवावे आणि नाकाकडून कानाकडे पाणी पंधरा-वीस मिनिटे सोडत राहावे, म्हणजे औषध दुसऱ्या डोळ्यात उतरत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल, तर ती काढावी. घरातला दुसरा कोणताही थेंब उतारा म्हणून टाकू नये. धुऊन झाल्यावर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे किंवा सिव्हिल हॉस्पिटलात जावे, आणि बाटली खोक्यासकट सोबत न्यावी, कारण घटकांची नावे वाचल्यावरच डॉक्टरांना पुढचे ठरवता येते.