दोन्ही कान, चार आठवडे आणि स्टिरॉइडची पूर्ण मात्रा

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ऐकू कमी येतंय अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की पहिला प्रश्न विचारायचा तो वेगाचा. किती दिवसांत कमी झालं? ७२ तासांच्या आत एकाच कानाचं ऐकणं एकदम बसलं, तर आपण त्याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतो. वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत गेलं, तर वय, यंत्रांचा आवाज, आनुवंशिकता अशा दिशेनं विचार करतो. या दोहोंच्या मधला एक वेग असतो. काही आठवडे ते तीन-चार महिने. आधी एक कान, मग दुसरा, किंवा दोन्ही बरोबरीनं. मध्ये एखादा आठवडा बरं वाटतं, पुन्हा घसरतं. आज बोलायचंय ते या मधल्या वेगानं जाणाऱ्या कानांबद्दल, कारण आपल्या हातून सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथेच.

१९७९ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे कानतज्ज्ञ ब्रायन मॅकेब यांनी अशा १८ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. नसेचा बहिरेपणा परत येत नाही, ही तोवरची पक्की समजूत. या रुग्णांचं ऐकणं मात्र प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी सुधारलं होतं. तेव्हापासून याला ऑटोइम्यून इनर इअर डिसीज म्हणतात. शरीराची प्रतिकारशक्ती आतल्या कानावरच हल्ला करते आणि शंखाकृती कॉक्लियात दाह होतो. काही रुग्णांना सोबत ल्युपस, संधिवात, रक्तवाहिन्यांचा दाह असे आजार असतात. बऱ्याच जणांना मात्र कानाशिवाय कुठेच काही नसतं, आणि त्यामुळेच निदान हुकतं.

आतल्या कानाचा तुकडा काढून तपासता येत नाही, कारण तसं केलं तर उरलेलं ऐकणंही जाईल. हा आजार खात्रीनं सांगणारी रक्ताची एकही चाचणी आज नाही. शरीरातला दाह दाखवणारी ईएसआर आणि ऑटोइम्यून आजारांच्या शोधासाठीची एएनए या रक्ताच्या चाचण्या नॉर्मल आल्या तरी आजार असू शकतो. कानातल्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी काही काळ वापरात होती, पण तिच्यावर विसंबून निर्णय घ्यावा इतकी ती भरवशाची ठरली नाही. मग रक्त कशाला तपासायचं? दुसरं काही नाही ना हे पाहण्यासाठी. त्यात सर्वांत महत्त्वाची तपासणी सिफिलिसची. तोही दोन्ही कान असेच घालवतो आणि त्याचा उपचार वेगळा असतो. गाठ ठळक दाखवणारं गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन एमआरआय करायचा, म्हणजे श्रवण-नसेवरची गाठ सुटत नाही. क्षयरोगासाठी अमिकासिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं झालीत का, हे आपल्याकडे विचारलंच पाहिजे. त्या औषधांनीही दोन्ही कान जातात, आणि तिथे आता सांगणार आहे तो स्टिरॉइडचा कोर्स लागू नाही.

एवढं पाहिल्यावर हातात उरतो तो स्टिरॉइडचा प्रयोग. तो उपचारही असतो आणि निदानाचा एक भागही. म्हणून तो नीट झाला नाही, तर दोन्हींचं नुकसान होतं.

नमुना म्हणून एक रुग्ण समजून घेऊ. वय ३६, वजन ६० किलो, व्यवसाय शिक्षिकेचा. उजव्या कानाला फोनवरचं बोलणं कळेना म्हणून त्या फोन डाव्या कानाला लावू लागल्या. ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, त्यात आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी. त्यावर उजव्या कानाची सरासरी ४५ डेसिबल, डाव्याची २५. नस कमजोर आहे असं सांगून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या गेल्या. नंतर पाच दिवस रोज २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी. आठवडाभर थोडं बरं, मग पुन्हा घसरण. सहा आठवड्यांनी उजवा कान ६८ वर आणि डावा ५२ वर. वर्गात मागच्या बाकावरून विचारलेला प्रश्न त्यांना ऐकू येतो, पण कळत नाही.

‘ऐकू येतं पण कळत नाही’ हे त्यांचं वाक्य फार मोलाचं आहे. ते मोजण्यासाठी शब्द ओळखण्याची चाचणी असते. रुग्णाला सोईच्या मोठ्या आवाजात एकेक सुटा शब्द ऐकवायचा आणि त्यातले किती बरोबर परत म्हटले ते टक्क्यांत लिहायचं. या बाईंचे उजवीकडे ४० टक्के, डावीकडे ६४. ही चाचणी मातृभाषेतच झाली पाहिजे. कोकणातल्या आजीला हिंदी शब्दांची यादी ऐकवली, तर गुण कमी येतात ते भाषेमुळे, आणि खापर कानावर फुटतं. पुढच्या प्रत्येक भेटीत भाषाही तीच आणि यादीही तितक्याच अवघड शब्दांची हवी. शिवाय दरवेळी मध्यकानाचं टिंपॅनोग्राम, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का याची तपासणी, घ्यायचं. सर्दीनं पडद्यामागे पाणी साठलं, तरी ऐकण्याची पातळी २०-३० डेसिबलनं पडते, आणि आपण समजतो आजार उलटला.

या बाईंचं टिंपॅनोग्राम नॉर्मल, सिफिलिस नाही, एमआरआय स्वच्छ. आता प्रेडनिसोलोन दर किलोला रोज एक मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम. त्यांचं वजन ६० किलो, म्हणजे रोज ६०. सकाळी न्याहारीनंतर सगळी मात्रा एकदम, म्हणजे रात्रीची झोप कमी बिघडते. आणि हे चार आठवडे, पूर्ण मात्रेत. आधीच्या पाच दिवसांच्या कोर्सनं नेमका इथेच घोटाळा केला होता. दाह शमायला पुरेसा वेळ मिळाला नाही, औषध थांबताच घसरण झाली आणि कागदावर नोंद झाली, ‘स्टिरॉइडचा उपयोग नाही’. अशी नोंद दिसली, की मात्रा किती होती आणि किती दिवस, हे विचारल्याशिवाय ती खरी मानू नका.

गोळ्या सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी, हिपॅटायटिस बी, साखर, रक्तदाब. आपल्याकडे सुप्त क्षय बऱ्याच जणांत असतो आणि स्टिरॉइडनं तो उठू शकतो, म्हणून हे टाळू नये. मात्र रोज ऐकणं घसरत असताना रिपोर्टची वाट बघत दोन आठवडे घालवणंही परवडत नाही. रक्त दिलं, एक्स-रे पाहिला, की बहुतेक वेळा गोळी सुरू करता येते.

साखरेबद्दल एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. सकाळी घेतलेल्या गोळीनं साखर चढते ती दुपारी आणि संध्याकाळी. उपाशीपोटीची साखर ९५ दिसते आणि सगळे निश्चिंत होतात. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासा, तिथे खरं कळतं.

आता मोजमाप. दोन आठवड्यांनी आणि चार आठवड्यांनी ऑडिओग्राम. ५ डेसिबलचा फरक फरक मानायचा नाही, कारण तोच माणूस त्याच दिवशी दोनदा तपासला तरी तेवढं इकडेतिकडे होतं. एका वारंवारितेवर १५ डेसिबल किंवा शेजारच्या दोन वारंवारितांवर १० डेसिबल सुधारलं, किंवा शब्द ओळखण्यात ठळक वाढ झाली, तर प्रतिसाद मानायचा. या बाईंचा डावा कान दोन आठवड्यांनी ५२ वरून ४० वर आला, चार आठवड्यांनी ३२ वर. शब्द ६४ टक्क्यांवरून ८८. उजवा कान ६८ वरून ५८ आणि शब्द ४० वरून ६०. उजवा मागे राहिला, कारण त्याच्यावरचा हल्ला जास्त काळ चालला होता. कॉक्लियातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या परत येत नाहीत. स्टिरॉइड दाह शमवतं, मेलेलं जिवंत करत नाही.

साधारण दहापैकी सहा रुग्णांना असा प्रतिसाद मिळतो. प्रतिसाद आला म्हणजे निदान सिद्धच झालं असंही नाही. स्टिरॉइड कॉक्लियातल्या सोडियम-पोटॅशियमच्या समतोलावरही काम करतं, त्यामुळे इतर कारणांच्या बहिरेपणातही कधी सुधारणा दिसते. पण रुग्णाच्या दृष्टीनं पुढचा मार्ग तोच. चार आठवड्यांत काहीच हललं नाही, तर मात्र हीच मात्रा पुढे रेटत राहू नये. पंधरवड्यात उतरवून ती बंद करावी.

प्रतिसाद मिळालेल्यांची मात्रा सावकाश उतरवायची. ६० वरून ५०, ४०, ३०, २० असं दर आठवड्याला, आणि २० च्या खाली आणखी हळू, अडीच-अडीच मिलिग्रॅमनं. या बाई १५ वर पोचल्या आणि डावा कान पुन्हा ४६ वर गेला. हा आजाराचा नेहमीचा स्वभाव आहे. अशा वेळी रुग्णानं ‘चार दिवस थांबून बघू’ म्हणू नये. त्याच आठवड्यात ऑडिओग्राम काढावा, आणि घसरण खरी असेल तर मात्रा पुन्हा पूर्ण करून अधिक सावकाश उतरवावी. आणखी एक, तीन आठवड्यांहून जास्त घेतलेलं स्टिरॉइड मनानं एकदम बंद करायचं नाही. शरीरात स्वतःचं स्टिरॉइड बनवणारी ग्रंथी तेवढ्यात सुस्तावलेली असते. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर त्याच दिवशी इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा.

प्रत्येक वेळी मात्रा उतरली की कान घसरतो, मग पुढे काय? मेथोट्रेक्सेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाकडून मोठी आशा होती. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रेडनिसोन या स्टिरॉइडला प्रतिसाद दिलेल्या ६७ रुग्णांना मेथोट्रेक्सेट किंवा दिसायला तशीच रिकामी गोळी दिली. मिळालेलं ऐकणं टिकवण्यात दोन गटांत फरक पडला नाही. तरीही सोबत ल्युपस किंवा रक्तवाहिन्यांचा दाह असेल, तर संधिवाततज्ज्ञ त्या आजारासाठी अशी औषधं देतात आणि ते योग्यच असतं. स्टिरॉइडला न जुमानणाऱ्या कानांवर ॲनाकिनरा या इंजेक्शनचे छोटे अभ्यास आशादायक आहेत, पण रुग्ण मोजके होते. बेताबाहेरच्या मधुमेहामुळे गोळी देता येत नसेल, तर पडद्यातून मध्यकानात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. नंतर तो कान वर ठेवून अर्धा तास पडून राहायचं, गिळायचं आणि बोलायचं शक्य तितकं टाळायचं, नाहीतर औषध घशात उतरतं. दोन्ही कान आजारी असल्यानं दोन्हींना वेगळं द्यावं लागतं.

महिनोन्‌महिने स्टिरॉइड चाललं असताना जांघेत दुखू लागलं, तर बाम चोळत बसू नये. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडत असू शकतो आणि सुरुवातीला ते एक्स-रेवर दिसत नाही, एमआरआय लागतो. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे. डोळा आणि कान एकत्र बिघडवणारा कोगन सिंड्रोम याच कुटुंबातला, आणि त्यात महाधमनीलाही दाह होऊ शकतो.

काहींचे कान सगळं करूनही जातात. श्रवणयंत्र लावून शब्द कळेनासे झाले, की कॉक्लियात इलेक्ट्रोड बसवून श्रवण-नसेला थेट संकेत देणाऱ्या कॉक्लियर इम्प्लांटचा विचार करायचा. श्रवण-नस बहुधा शाबूत असल्यानं या रुग्णांत इम्प्लांटचा निकाल चांगला येतो. अडचण एकच, की दाह झालेल्या कॉक्लियात कधीकधी आधी तंतू आणि मग हाड भरत जातं, आणि इलेक्ट्रोड आत सरकवायला जागा उरत नाही. म्हणून ऐकणं ७०-८० डेसिबलच्या पुढे गेलं, की स्टिरॉइडचे फेरे चालू असतानाच इम्प्लांटच्या शल्यविशारदाला दाखवावं आणि कॉक्लियातला द्रव अजून दिसतो का, हे टी-टू एमआरआयवर पाहून घ्यावं.